निकाल रद्द करणे आणि निकालाखालचा कायदा बदलणे

प्रश्न : सर, सत्ता विभाजनावर मी दरवेळी मॉन्टेस्क्यू, अमेरिका, इंग्लंड, भारत अशा क्रमाने चार पानं लिहितो आणि निम्मेच गुण मिळतात. प्रॉब्लेम आला की पूर्ण गडबडतो. कोर्टाचा निकाल विधिमंडळ कायदा करून बदलू शकतं की नाही? काही खटल्यांत चाललं, काहींत नाही, यात सूत्र काय? सोपे खटले जोडीजोडीने समजावाल का?

विधिमंडळ निकाल रद्द करू शकत नाही. पण तो निकाल ज्या कायद्यावर उभा होता तो कायदा बदलू शकते, अगदी मागच्या तारखेपासूनही. कायदा बदलल्यामुळे निकालाखालची जमीनच सरकली, तर त्यात घटनाबाह्य काही नाही. खालची जमीन जागेवर असताना विधिमंडळाने नुसते “हा निकाल आम्हाला मान्य नाही” म्हटले, तर तो कायदा टिकत नाही.

चार पानांचा इतिहास दीड पानावर आणा. मॉन्टेस्क्यूला एक परिच्छेद पुरतो. भारताची स्थिती सांगायला १९५५ चा राम जवाया कपूर खटला घ्या. आपल्या घटनेत सत्ता विभाजन काटेकोर अर्थाने नाही, पण तिन्ही अंगांची कामे पुरेशी वेगळी केलेली आहेत आणि एकाने दुसऱ्याचे मूळ काम हाती घेणे अपेक्षित नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा सांगितले. मंत्री सभागृहात बसतात, अनुच्छेद १२३ खाली राष्ट्रपती अध्यादेश काढतात, खाती नियम करतात. त्यामुळे विधिमंडळ आणि कार्यपालिका यांच्यातली भिंत आपल्याकडे ठेंगणीच आहे. खरी उंच भिंत न्यायालयाच्या बाजूला आहे आणि प्रॉब्लेमचे बहुतेक प्रश्न तिच्याच आसपास फिरतात. म्हणून उत्तराचा सगळा जोर तिथे लावा.

आता पहिली जोडी. दोन्ही खटले कराचे, दोन्हीत आधी न्यायालयाने वसुली बेकायदा ठरवली, दोन्हीत नंतर विधिमंडळाने ती मान्य करणारा कायदा केला. एक कायदा टिकला, दुसरा पडला.

टिकला तो पृथ्वी कॉटन मिल्स विरुद्ध भडोच नगरपालिका. मुंबई म्युनिसिपल बरोज कायदा, १९२५ च्या कलम ७३ नुसार नगरपालिकेला इमारती आणि जमिनींवर ‘रेट’ बसवता येत असे. भडोचच्या नगरपालिकेने तो मालमत्तेच्या भांडवली किमतीवर, म्हणजे ती विकली तर काय येईल त्यावर बसवला. १९६३ मध्ये अहमदाबादच्या मोकळ्या जमिनींच्या दुसऱ्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कायद्यात ‘रेट’ हा शब्द ठरलेल्या अर्थाने आला आहे. मालमत्ता भाड्याने दिली तर वर्षाला काय येईल, त्यावरच तो आकारता येतो. भांडवली किमतीवरची आकारणी त्यामुळे अधिकाराबाहेरची ठरली. याच वर्षी गुजरात विधिमंडळाने कायदा केला. भांडवली किमतीच्या टक्केवारीने केलेल्या आकारणीला त्याने मागच्या तारखेपासून आधार दिला आणि त्या पद्धतीने झालेली जुनी वसुली मान्य केली. गिरण्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि हरल्या.

का हरल्या? सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी इथे जी कसोटी दिली ती पाठ करा, पण आपल्या शब्दांत. न्यायालयाचा निकाल बंधनकारकच असतो. तो ज्या गोष्टींवर आधारला होता त्याच मुळातून बदलल्या, इतक्या की बदललेल्या स्थितीत तो निकाल देताच आला नसता, तरच त्याचे बंधन सुटते. जुना निकाल कशावर उभा होता? “कायद्याने फक्त वार्षिक भाडेमूल्यावर आकारणीला परवानगी दिली आहे” या एका विधानावर. नव्या कायद्याने भांडवली किमतीवरच्या आकारणीलाही परवानगी दिली, आणि तीही जुन्या तारखेपासून. ते विधान आता खरे राहिले नाही. शिवाय जमिनी आणि इमारतींवरचा कर हा राज्य सूचीतला विषय, म्हणजे विधिमंडळाला तसा कायदा करण्याचा अधिकारही होता. अधिकाराचा हा मुद्दा विद्यार्थी हमखास विसरतात. दोष विधिमंडळाच्या अधिकारकक्षेतच असेल, तर शब्द कितीही बदलले तरी तो दूर होत नाही.

पडला तो जनपद सभा छिंदवाडाचा खटला, १९७० चा. स्थानिक संस्थेने कोळशावरचा उपकर वाढवला, पण त्यासाठी सरकारची पूर्वमंजुरी घेतली नव्हती. वाढीलाही मंजुरी लागते असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने वाढीव उपकर बेकायदा ठरवला. १९६४ मध्ये मध्य प्रदेश विधिमंडळाने कायदा केला: कोणत्याही न्यायालयाच्या निकालात काहीही असले तरी हे उपकर वैध रीतीने बसवले गेले असे मानले जाईल. बस्स, इतकेच. मंजुरीची अट मूळ कायद्यातून काढली नाही, तिचा अर्थ बदलला नाही, कोणती दुरुस्ती कधीपासून लागू हे सांगितले नाही. न्यायालयाने विचारले असते, “मंजुरीशिवाय वाढ चालते का?”, तर नव्या कायद्यानंतरही उत्तर “नाही” हेच आले असते. म्हणजे विधिमंडळाने पाया तसाच ठेवून निष्कर्ष तेवढा उलटा लिहिला. हे अपील न्यायालयाचे काम झाले, आणि विधिमंडळ हे अपील न्यायालय नाही.

इथे एक सापळा आहे. “कोणत्याही न्यायालयाच्या निकालात काहीही असले तरी” हे शब्द दिसले की विद्यार्थी लगेच “सत्ता विभाजनाचा भंग” लिहून मोकळे होतात. गुजरातच्या टिकलेल्या कायद्यातही याच धाटणीचे शब्द होते. हे शब्द परिणाम सांगतात, कारण देत नाहीत. प्रॉब्लेममध्ये ते दिसले की पुढच्या-मागच्या कलमांत मूळ कायद्यात खरोखर काय बदलले ते शोधा. काही सापडले तर भडोचच्या वाटेने जा, काहीच सापडले नाही तर छिंदवाड्याच्या.

दुसरी जोडी लावण्याआधी या कसोटीची मर्यादा दाखवतो, कारण हुशार मुले नेमकी इथे अडकतात. मुल्लपेरियार धरणाचा खटला घ्या. धरण केरळात आहे, पण पाणी आणि धरणाचे कामकाज जुन्या करारानुसार तमिळनाडूकडे. पाण्याची पातळी १३६ फुटांवर रोखलेली होती. २७ फेब्रुवारी २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञांचे अहवाल तपासले, धरण सुरक्षित आहे असा निष्कर्ष काढला आणि पातळी १४२ फुटांपर्यंत वाढवायला परवानगी दिली. पुढच्याच महिन्यात केरळ विधानसभेने आपल्या सिंचन कायद्यात दुरुस्ती केली. धोक्यातल्या धरणांची एक अनुसूची जोडली, तीत मुल्लपेरियारचे नाव घातले आणि कमाल पातळी १३६ फूट लिहिली.

आता वरची कसोटी डोळे मिटून लावा. नवा कायदा आधीपासून असता तर १४२ फुटांचा निकाल देता आला असता का? नसता. मग कायदा वैध? २०१४ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो घटनाबाह्य ठरवला. कसोटी चुकली का? नाही, आपण ती अर्धीच लावली. २००६ चा निकाल कायद्याच्या एखाद्या नियमावर उभा नव्हता, तो एका वस्तुस्थितीवर उभा होता: धरण १४२ फुटांना सुरक्षित आहे. केरळने कायद्याचा नियम बदलला नाही. न्यायालयाने दोन पक्षकारांचा पुरावा तपासून जी वस्तुस्थिती ठरवली, तिच्या विरुद्ध आपले मत कायद्यात लिहून टाकले. ‘रेट’ म्हणजे काय हे ठरवणे विधिमंडळाच्या हातात असते. अमुक धरण सुरक्षित आहे की नाही यावरचा वाद न्यायालयात लढला गेला, निकाल लागला, की तो पुन्हा सभागृहात ठराव मांडून सोडवता येत नाही. शिवाय वाद दोन राज्यांतला. त्यातल्या एकाने स्वतःच्या सभागृहात स्वतःच्या बाजूने निवाडा करून घ्यायचा, हे त्या खटल्यात अधिकच खटकणारे होते.

कावेरीच्या बाबतीत १९९१ मध्ये हेच झाले होते. लवादाने कर्नाटकला तमिळनाडूसाठी पाणी सोडण्याचा अंतरिम आदेश दिला, कर्नाटकने तो निष्प्रभ करणारा अध्यादेश काढला, राष्ट्रपतींनी अनुच्छेद १४३ खाली सर्वोच्च न्यायालयाचे मत मागवले आणि न्यायालयाने अध्यादेश घटनाबाह्य असल्याचे सांगितले. उत्तरात दोन ओळी पुरेत.

म्हणून कसोटीचे दोन भाग करा. निकाल कायद्याच्या नियमावर उभा होता की वस्तुस्थितीवर? नियमावर असेल, तर तो नियम खरोखर बदलला का? पहिल्याचे उत्तर “वस्तुस्थितीवर” आले, तर दुसऱ्यापर्यंत जायची गरज सहसा पडत नाही.

आता माझ्या मते या विषयातला सर्वांत शिकवणारा खटला, इंदिरा नेहरू गांधी विरुद्ध राज नारायण. बहुतेक उत्तरपत्रिकांत तो “३९ वी घटनादुरुस्ती रद्द, मूलभूत संरचना” एवढ्यावर संपतो. पण एकाच निकालाला निष्प्रभ करण्याचे दोन प्रयत्न त्यात शेजारी शेजारी आहेत. एक फसला, दुसरा यशस्वी झाला. तुलनेसाठी याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

१२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची रायबरेलीची १९७१ ची निवड रद्द केली. दोन भ्रष्ट आचार सिद्ध झाले असे न्यायालयाचे म्हणणे होते. एक, सरकारी नोकरीत असलेल्या यशपाल कपूर यांची निवडणुकीसाठी मदत घेतली. दोन, सभांसाठी व्यासपीठ आणि ध्वनिवर्धकाची व्यवस्था राज्य सरकारच्या अधिकाऱ्यांकडून करून घेतली. पहिल्या मुद्द्यात सगळा खेळ तारखांचा होता. त्या वेळच्या कायद्यात, निवडणूक जवळ आलेली असताना एखादी व्यक्ती स्वतःला उमेदवार म्हणून पुढे करू लागली की तेव्हापासून ती ‘उमेदवार’ धरली जात असे. उच्च न्यायालयाने ती तारीख २९ डिसेंबर १९७० धरली. कपूर यांनी राजीनामा दिला १३ जानेवारी १९७१ ला, तो १४ पासून स्वीकारल्याची अधिसूचना निघाली २५ जानेवारीला. म्हणजे इंदिरा गांधी उमेदवार झालेल्या आणि कपूर अजून नोकरीत, असा काळ मध्ये राहिला आणि त्यात त्यांनी काम केले होते.

सर्वोच्च न्यायालयात अपील चालू असताना संसदेने दोन गोष्टी केल्या. ऑगस्ट १९७५ मध्ये निवडणूक कायद्यात पूर्वलक्षी दुरुस्ती केली. ‘उमेदवार’ म्हणजे रीतसर नामनिर्देशन झालेली व्यक्ती. स्वतःला पुढे करण्याची गोष्ट व्याख्येतून गेली. नामनिर्देशन १ फेब्रुवारी १९७१ चे होते, त्यामुळे आधीचा काळ आपोआप बाहेर पडला. राजपत्रात राजीनाम्याची जी तारीख येईल तीच अंतिम पुरावा मानायची, असेही ठरले. आणि अधिकाऱ्यांनी आपल्या पदाचे कर्तव्य म्हणून केलेली व्यवस्था ही उमेदवाराला केलेली मदत धरायची नाही, असा खुलासा जोडला. दोन्ही आरोपांखालचे कायद्याचे नियम गेले.

दुसरी गोष्ट म्हणजे ३९ वी घटनादुरुस्ती. तिने अनुच्छेद ३२९अ आणला आणि त्याच्या खंड ४ ने पंतप्रधान आणि लोकसभा अध्यक्ष यांच्या निवडीबाबत जाहीर केले: निवडणूक अर्जांचा जुना कायदा त्यांना लागू नव्हता असे समजावे, निवड वैध आहे आणि ती रद्द करणारा निकाल कधीच अंमलात नव्हता असे मानावे.

७ नोव्हेंबर १९७५ रोजी खंड ४ बहुमताने रद्द झाला. न्यायाधीशांची कारणे एकसारखी नाहीत. कुणी मुक्त निवडणूक आणि लोकशाहीवर भर दिला, कुणी कायद्याचे राज्य आणि समतेवर. परीक्षेत “सर्वांनी सत्ता विभाजनावर निकाल दिला” असे लिहू नका. पण आपल्या विषयाला लागणारा धागा स्पष्ट आहे: खंड ४ ने जुना कायदा काढून घेतला आणि त्याच्या जागी कोणताच कायदा ठेवला नाही. कोणत्या निकषावर ही निवड वैध ठरली? उत्तर नाही. पुरावा कुणी पाहिला? कुणीच नाही. निकष न लावता एका विशिष्ट वादाचा शेवट जाहीर करणे हे कायदा करणे नव्हे, आणि घटनादुरुस्तीच्या अधिकारानेही ते करता येत नाही.

आणि निवडणूक कायद्यातली पूर्वलक्षी दुरुस्ती? ती टिकली. सर्वोच्च न्यायालयाने बदललेली व्याख्या स्वतः तथ्यांना लावली, दोन्ही आरोप टिकत नाहीत असे ठरवले आणि इंदिरा गांधींचे अपील मंजूर केले. फरक बघा: इथेही पंतप्रधान सुटल्या, पण निकाल संसदेने दिला नाही. संसदेने नियम बदलला आणि तो नियम लावण्याचे काम न्यायालयाने केले. साध्या कायद्याने जे साधले ते घटनादुरुस्तीने साधले नाही, हे विधान उत्तरात लिहा. परीक्षकाला दिसते की तुम्ही खटला वाचला आहे.

हे सगळे एका व्यक्तीसाठी केले हे उघड होते, मग न्यायालयाने दुरुस्ती चालवून कशी घेतली, असे वाटणे साहजिक आहे. मलाही हा निकाल त्या जागी फारसा समाधानकारक वाटत नाही. पण दुरुस्तीचे शब्द सर्व उमेदवारांना सारखेच लागू होते आणि सत्ता विभाजनाची कसोटी विधिमंडळाचा हेतू तपासत नाही, त्याने कोणते काम केले ते तपासते. टीका करायची असेल तर या मर्यादेवर करा, नुसत्या संतापावर गुण मिळत नाहीत.

अपील चालू असण्याचाही इथे हात होता. निकाल अंतिम झालेला नसेल तर अपील न्यायालय बदललेला कायदा लावू शकते. उलट मदन मोहन पाठक खटल्यात, १९७८ मध्ये, आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांना करारानुसार बोनस द्या असा कलकत्ता उच्च न्यायालयाचा आदेश अंतिम झाला होता आणि संसदेचा नवा कायदा त्याला बाधा आणत नाही, असे न्यायमूर्ती भगवती यांनी म्हटले. तिथे कायदा पडण्याचे मुख्य कारण मालमत्तेचा तेव्हाचा मूलभूत हक्क होते, हेही सोबत लिहा. नाहीतर खटल्याचा अर्धवट उल्लेख होतो.

एक प्रॉब्लेम सोडवून दाखवतो. कायद्यात लिहिले आहे की नगरपरिषदेने हरकती मागवून मगच परवाना शुल्क वाढवावे. नगरपरिषदेने हरकती न मागवता शुल्क वाढवले. एका व्यापाऱ्याच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने वाढ रद्द करून परताव्याचा आदेश दिला. मग विधिमंडळाने कायदा केला.

समजा त्यात एकच कलम आहे: “निकालात काहीही असले तरी ही वाढ वैध मानावी आणि परतावा देऊ नये.” हरकतींची अट मूळ कायद्यात तशीच आहे, म्हणून छिंदवाडा, आणि कायदा अवैध. समजा त्याऐवजी पहिल्या कलमाने मूळ तारखेपासून हरकतींची अट काढून टाकली आणि दुसऱ्याने त्या सुधारित तरतुदीनुसार जुनी वसुली मान्य केली. आता निकालाचे एकमेव कारण गेले; भडोच, आणि कायदा वैध. मात्र एक वाक्य जोडा की परताव्याचा आदेश अंतिम झाला असेल तर पाठक खटल्याच्या आधारे व्यापाऱ्याच्या बाजूने युक्तिवाद उभा राहतो.

प्रश्नकर्ता तथ्य थोडे फिरवू शकतो. उच्च न्यायालयाने वाढ रद्द केली ती हरकतींमुळे नव्हे, तर शुल्काच्या नावाखाली हा राज्याच्या अधिकारात नसलेला कर आहे म्हणून, असे म्हटले तर? अट काढून काहीच होत नाही, कारण दोष अटीत नव्हता. मूळ तारखेपासूनची दुरुस्तीही इथे निरुपयोगी. किंवा असे समजा: त्या व्यापाऱ्याने जुने शुल्क भरले होते की नाही यावर वाद होता, न्यायालयाने पावत्या पाहून “भरले” असे ठरवले आणि विधिमंडळाने कायदा करून “न भरल्याचे मानावे” म्हटले. हा मुल्लपेरियारचाच प्रकार, फक्त लहान. आणि विधिमंडळाने त्यापुढे जाऊन शुल्क न भरणे हा मागच्या तारखेपासून गुन्हा ठरवला, तर सत्ता विभाजनात शिरण्याआधीच अनुच्छेद २०(१) ने उत्तर द्या. कृत्य झाले तेव्हा जो गुन्हा नव्हता, त्यासाठी नंतरच्या कायद्याने शिक्षा करता येत नाही.